तापलेली गाडी सिग्नललाच का बंद पडते?

सकाळी गाडी एका झटक्यात सुरू होते. पुलावर, चढावर तक्रार नाही. अर्ध्या तासानं इंजिन चांगलं तापलेलं असताना सिग्नल लागतो, आपण ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी गपकन बंद! ऐंशीच्या वेगानं पळताना जे इंजिन दमत नाही, ते नुसतं उभं असताना का मरतं?

कारण नुसतं चालू राहणं हेच कार्बोरेटरवाल्या इंजिनाचं सगळ्यांत नाजूक काम आहे. सुझुकीची ‘जीएस ५००’ घ्या. वाऱ्यावर थंड होणारी, दोन सिलिंडरची साधी गाडी. तिचं आयडलिंग मिनिटाला साधारण १२०० फेऱ्यांचं. म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला दहा स्फोट! या वेळी कार्बोरेटरमधला हवेचा रस्ता जवळजवळ मिटलेला असतो. राहते ती एक बारीक फट. पिस्टन मात्र जोर लावून ओढतच असतो. म्हणून गंमत बघा, गाडी नुसती उभी असते तेव्हा इंजिनाची ओढ, म्हणजे व्हॅक्यूम, भरधाव पळतानापेक्षा जास्त असते.

या ओढीला कुणीतरी काय सुंदर कामाला लावलंय! या गाडीच्या पेट्रोल कॉकला ‘ऑफ’च नाही. ऑन, रिझर्व्ह आणि प्राइम, एवढंच. कॉकच्या आत रबराचा पातळ पडदा असतो आणि त्याला दाबून धरणारी स्प्रिंग. इंजिनाकडून आलेली एक बारीक नळी हा पडदा ओढते आणि पेट्रोल वाहू लागतं. इंजिन थांबलं की ओढ संपली, स्प्रिंग पडदा ढकलते आणि पेट्रोल बंद. ना वायर, ना मोटर. इंजिन स्वतःच्या श्वासानं स्वतःचा नळ उघडतं!

मग सिग्नलला हा नळच मिटतो का? पहिला संशय तिकडेच जातो, पण जरा थांबा. ओढ तर आता भरपूर आहे आणि पेट्रोल लागतंय सर्वांत कमी. नळ नीट उघडत नसेल तर गाडी मोकळ्या रस्त्यावर, भरधाव असताना आधी अडखळेल. खरा चोर बहुधा ती बारीक नळी असते. ती टोकाला सैल झाली, तडकली, की तिथून बाहेरची हवा थेट इंजिनात शिरते. पातेलंभर आमटीत चिमूटभर मीठ जास्त पडलं तर कळत नाही, तेवढंच वाटीभर आमटीत पडलं तर तोंडात घालवत नाही. वेगात इंजिन इतकी हवा ओढत असतं की ही गळती त्यात हरवते. आयडलिंगला तीच मिश्रणाची चव बिघडवते. पेट्रोल कमी, हवा फार, आणि एक स्फोट चुकला की पुढची फेरी पूर्ण करायला जोरच उरत नाही.

आणि सकाळी का नाही? सकाळी चोक ओढलेला असतो. तो जास्तीचं पेट्रोल देऊन गळती झाकतो. शिवाय थंड रबर घट्ट बसतं. सिग्नलला वारा नाही, इंजिनाच्या पात्यांतून उष्णता निघत नाही, आणि तापलेलं रबर मऊ पडून फट मोकळी होते.

शोधायची युक्ती मला फार आवडते. गाडी तापलेली, आयडलिंग डळमळतंय. कॉक फक्त प्राइमवर केला तर फरक पडणार नाही. पेट्रोल ओढीशिवाय वाहील, पण गळकी नळी जोडलेलीच आहे. म्हणून प्राइमवर करून ती नळी इंजिनाकडच्या टोकाला काढायची आणि इंजिनावरचं उघडं तोंड छोट्या रबरी टोपीनं घट्ट बंद करायचं. आयडलिंग लगेच स्थिर झालं? मग दोष नळीत किंवा पडद्यात. काढलेल्या नळीत पेट्रोलचे थेंब दिसले तर पडदा फाटलाय: तेव्हा हवा नाही, उलट पेट्रोलच मागच्या दारानं इंजिनात झिरपतंय. काम झालं की कॉक परत ऑनवर आणा. प्राइमवर रात्रभर ठेवलेल्या गाडीत कार्बोरेटरची सुई जरा जरी गळकी असली तरी पेट्रोल थेट इंजिन ऑइलमध्ये उतरू शकतं.

टोपी लावूनही फरक नाही? मग आयडलिंगच्या स्क्रूकडे वळा, पण तो फिरवायचा तो इंजिन पूर्ण तापल्यावर आणि चोक आत असताना. नळीची गळती तशीच ठेवून नुसता स्क्रू पिळला तर गाडी सिग्नलला बंद पडणार नाही हे खरं. पण ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिन काही क्षण वरच्या रेसवर लटकून राहील आणि मग सावकाश खाली येईल. ते लटकणं ऐकू आलं की समजा, हवा अजून कुठून तरी शिरतेच आहे.