हसऱ्या फोटोतली तार: कधी झाकावी, कधी राहू द्यावी

लग्नाचे फोटो निवडायला घरातली मंडळी स्टुडिओत जमली, की एखादी आई हमखास विचारते, "एवढी तार काढून टाकता येईल का हो?" मुलगी चौदा-पंधरा वर्षांची असते, मनापासून हसलेली असते आणि वरच्या दातांवर लोखंडी रुळासारखी तार चमकत असते. काढता तर येते. पण "काढा" म्हणणं सोपं असलं, तरी ते काम नीट होणं अवघड आहे. बऱ्याचदा त्याची गरजही नसते. गरज आहे की नाही, हे घरच्या घरी कसं ठरवायचं ते आधी पाहू.

दातांवर नक्की काय काय असतं, तिथून सुरुवात करू. प्रत्येक दातावर एक चौकोनी बटण चिकटवलेलं असतं. त्याला दातांचे डॉक्टर ब्रॅकेट म्हणतात. ते साधारण तीन-चार मिलिमीटरचं असतं. सगळ्या ब्रॅकेटच्या खाचांतून एक तार जाते. ती अर्धा मिलिमीटरही जाड नसते किंवा जेमतेम तेवढी असते. तार खाचेत बसून राहावी म्हणून प्रत्येक ब्रॅकेटवर एक बारीक रबर चढवलेलं असतं. दोन ब्रॅकेटच्या मध्ये तार दाताला टेकत नाही, पुढे अधांतरी राहते. त्यामुळे तिची बारीक सावली मागच्या दातावर पडते. फोटोत आपण ज्याला "तार" म्हणतो, त्यात खरं तर चार गोष्टी असतात: तारेवरचा चकाकता ठिपका, तिची सावली, ब्रॅकेट आणि रबर. डोळ्याला सगळ्यांत जास्त खुपतो तो चकाकता ठिपका, आणि काढायला सगळ्यांत अवघड असतं ते ब्रॅकेट.

आता मोजमाप. छापलेल्या फोटोत तारेची जाडी किती पिक्सेलची येते, यावर निम्मा निर्णय होतो. चांगल्या छपाईत एका इंचात ३०० पिक्सेल बसतात. समजा ४ बाय ६ इंचांचा कुटुंबाचा ग्रुप फोटो आहे आणि त्यात मुलीचा चेहरा केसांपासून हनुवटीपर्यंत अर्धा इंच आहे. म्हणजे चेहऱ्याला १५० पिक्सेल मिळाले. खरा चेहरा सुमारे १८ सेंटिमीटरचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरला एक पिक्सेलही पुरत नाही. तार अर्ध्या पिक्सेलहून बारीक झाली, अख्खा पटाशीचा दात सात पिक्सेलचा झाला. इथे तार दिसतच नाही, दातांवर फक्त करडी झाक येते. या फोटोवर तासभर बसणं म्हणजे वेळेचा अपव्यय.

त्याच मुलीचा एकटीचा फोटो ८ बाय १० इंचांच्या फ्रेमसाठी हवा असेल आणि चेहरा तीन इंच असेल, तर चेहऱ्याला ९०० पिक्सेल मिळतात. एका मिलिमीटरला पाच पिक्सेल येतात. तार दोन-अडीच पिक्सेलची, ब्रॅकेट सतरा-अठराचं आणि पटाशीचा दात चाळीसच्या पुढे. भिंतीवर टांगल्यावर ही तार दिसेल. म्हणून सोपा नियम असा: छापील फोटोत चेहरा एका इंचाहून लहान असेल, तर हात लावू नका. फार तर एखादा चमकता ठिपका विझवा. एक ते तीन इंचांच्या दरम्यान फक्त चमक कमी करणं पुरतं. तीन इंचांच्या पुढेच पूर्ण काढण्याचा विचार करावा.

चमक कमी करण्याचं काम दहा मिनिटांचं आहे आणि माझ्या मते बहुतेक फोटोंना तेवढंच पुरतं. मोठ्या बहिणीच्या लग्नातला एक फोटो घेऊ. मुलीने जांभळी रबरं निवडली होती, वरून फ्लॅशचा थेट उजेड पडला आणि तारेवर पाच-सहा पांढरे ठिपके उठले. फोटोशॉपमध्ये मूळ चित्राला न छेडता वर एक रिकामा लेअर घ्यायचा. Clone Stamp निवडून Sample च्या खान्यात Current & Below ठेवायचं, म्हणजे खालच्या चित्रातला रंग उचलून वरच्या लेअरवर उमटतो. ब्रशचा Mode बदलून Darken करायचा आणि Opacity सुमारे ४० टक्के ठेवायची. मग त्याच दाताचा तारेच्या जरा वरचा रंग उचलून ठिपक्यावरून हलके फिरवायचं. Darken मुळे दाताहून उजळ असलेले पिक्सेलच बदलतात. तारेचा करडा भाग आणि सावली तशीच राहते, त्यामुळे काही पुसल्यासारखं वाटत नाही. शेवटी रबरांचा रंग: Hue/Saturation च्या लेअरवर मास्क लावून फक्त रबरांपुरती Saturation खाली आणली, की जांभळा रंग करड्यात विरतो. तार तिथेच राहते, पण पाहणाऱ्याची नजर आधी डोळ्यांकडे जाते. फोटोशॉप नसेल, तर GIMP या मोफत प्रोग्राममध्येही Clone आहे, लेअर आहेत आणि हेच काम होतं.

आता पूर्ण काढणं. हे जमतं, पण त्याचा एक क्रम आहे. आधी दोन ब्रॅकेटच्या मधली तार आणि तिची सावली, मग दातांमधल्या फटी, मग ब्रॅकेट आणि शेवटी दातावरची चमक. तार काढताना रंग शेजारच्या दातावरून घ्यायचा मोह होतो. तो टाळावा. पटाशीचे दात उजळ असतात, सुळे पिवळसर असतात, आणि ओठांच्या कडेला मागचे दात सावलीत असतात. एका दाताचा रंग दुसऱ्यावर गेला की लगेच कळतं. म्हणून रंग त्याच दातावरून, वरून किंवा खालून घ्यावा. हिरडीजवळ दात जरा गडद आणि पिवळसर असतो, तर टोकाशी किंचित निळसर आणि पारदर्शक असतो. तारेच्या वरच्या कडेला वरचा रंग, खालच्या कडेला खालचा रंग आणावा आणि दोन्ही मध्यावर हलके मिसळावेत.

सगळ्यांत मोठी फसगत फटींशी होते. तार दोन दातांमधल्या काळसर रेघेवरून जाते. ती काढताना रेघही पुसली गेली, तर सगळे दात मिळून पांढरी पट्टी तयार होते, आणि ती खोटी कवळी वाटते. इथे Healing Brush वापरू नये, कारण तो आजूबाजूचा रंग ओढून मिसळतो. फटीजवळ त्यामुळे करडा डाग पडतो आणि ओठांजवळ लालसर झाक येते. फटीसाठी Clone Stamp नेहमीच्या Normal वर आणून Opacity १०० टक्के ठेवावी, ब्रश बारीक घ्यावा आणि वरचा फटीचा तुकडा सरळ खाली उतरवावा. मधल्या दोन पटाशीच्या दातांमधली रेघ जराही सरकली, तरी हसू वाकडं दिसतं.

ब्रॅकेट काढल्यावर दाताचा मधला भाग सपाट होतो. दात गोलसर आणि ओला असतो, त्यामुळे त्यावर उजेडाचा एक लहान झळाळ हवा असतो, आणि नेमका तोच ब्रॅकेटने झाकला होता. मऊ ब्रशने, कमी Opacity वर, प्रकाश ज्या बाजूने येतो त्या बाजूला तो परत द्यावा लागतो. हे विसरलं, तर दात खडूचे वाटतात. वरच्या आठ-दहा दातांचं हे सगळं काम सराईत हातालाही तासभर सहज घेतं.

काम बिघडलं का, हे ओळखायला तीन युक्त्या आहेत. फोटो आडवा उलटा करून पाहावा, नजर ताजी होते आणि वाकडेपणा दिसतो. तात्पुरता काळा-पांढरा करावा, दातांच्या उजेडातला फरक उघड होतो. आणि फोटो १०० टक्के आकारात, छापल्यावर दिसेल तितक्या अंतरावरून पाहावा. ३०० टक्के मोठा करून तपासलेलं बारीक काम भिंतीवर कुणाला दिसत नाही. हे सगळं साधलं, तरी एक गोष्ट राहते: ब्रॅकेटमुळे ओठ किंचित पुढे आलेला असतो, तो तसाच राहतो. दात अजून वाकडे असतील, तर तेही तसेच राहतात. ते सरळ करणं म्हणजे मुलीचा चेहराच बदलणं, आणि तिथे थांबलेलं बरं.

पुढच्या वेळी फोटो काढतानाच काळजी घेता येते. थेट फ्लॅश टाळून खिडकीचा उजेड बाजूने घेतला आणि मान किंचित वळवली, तर तारेवरची चमक निम्मी विरते. कॅमेऱ्याला पोलरायझर लावून उपयोग होत नाही. तो काच आणि पाण्यावरची झळाळी कमी करतो, पण उघड्या धातूवरची चमक त्याने फारशी जात नाही. रबरांबाबतही विचार करावा. समारंभाच्या आधी डॉक्टरांकडे रबरं बदलायची असतील, तर करडी मागावीत. पारदर्शक रबरं लपतील असं वाटतं, पण आपल्या जेवणातली हळद त्यांना काही दिवसांत पिवळी करते, आणि पिवळं रबर जांभळ्याहून जास्त खटकतं.

आता उरला खरा प्रश्न: हे कुणासाठी करायचं? लग्नाच्या अल्बममध्ये मुलगी वीस फोटोंत दिसते. एकात तार काढली आणि बाकीच्यांत ठेवली, तर तो एकच फोटो परका वाटतो. व्हिडिओत तर तार असणारच. म्हणून एकटा, मोठा, फ्रेममध्ये जाणारा फोटो असेल, तरच पूर्ण काढण्यात अर्थ आहे. डॉक्टरांच्या फाइलसाठी काढलेल्या फोटोंना मात्र कधीही हात लावू नये, कारण उपचार कितपत पुढे गेला, हे त्यांना त्यावरूनच कळतं.

सगळ्यांत आधी मुलीलाच विचारा. आईला खटकणारी तार मुलीला खटकत नसेल, तर न सांगता ती पुसणं म्हणजे तुझ्या चेहऱ्यात काहीतरी लपवण्यासारखं होतं असं सांगणं. आणि तिनेच स्वतःहून "काढा" म्हटलं, तर ते करावं. मूळ फाइल मात्र वेगळी जपून ठेवा. उपचार साधारण दीड-दोन वर्षांत संपतो. त्यानंतर तिला दोन्ही फोटो द्या, कुठला ठेवायचा ते ती ठरवेल.