पंधरा महिन्यांचं वर्ष

नेस्ले इंडियाचे तीन वार्षिक आकडे एका ओळीत मांडून पाहा. २०२२ च्या वर्षात कंपनीची उलाढाल सुमारे १६,८९७ कोटी रुपये होती. पुढच्या वर्षी ती २४,३९४ कोटींवर गेली आणि त्याच्या पुढच्या वर्षी २०,२०२ कोटींवर आली. आधी ४४ टक्क्यांची झेप, मग १७ टक्क्यांची घसरण. मॅगी आणि नेसकॅफे विकणाऱ्या कंपनीच्या धंद्यात अशी उलथापालथ सहसा होत नाही, आणि याही वेळी झाली नव्हती. तिन्ही आकडे खरे आहेत, कंपनीनेच जाहीर केलेले आहेत. फरक एवढाच की मधलं वर्ष पंधरा महिन्यांचं होतं.

नेस्ले इंडियाचं आर्थिक वर्ष पूर्वी जानेवारी ते डिसेंबर असं चालायचं. कंपनीने ते एप्रिल ते मार्च करायचं ठरवलं आणि हा बदल करताना १ जानेवारी २०२३ ते ३१ मार्च २०२४ असा एक लांबलचक हिशेब काढला. त्याच्या आधीचं वर्ष बारा महिन्यांचं, नंतरचंही बारा महिन्यांचं. मधल्या वर्षात जानेवारी ते मार्च ही तिमाही दोनदा आली.

आता शेजारी ब्रिटानिया ठेवू. तिचं वर्ष मार्चअखेरच संपतं. २०२२-२३ मध्ये तिची उलाढाल सुमारे १६,३०० कोटी होती, २०२३-२४ मध्ये १६,७७० कोटी आणि २०२४-२५ मध्ये १७,९४० कोटी. म्हणजे आधी तीन टक्के वाढ, मग सात. नुसते वार्षिक आकडे पाहणारा गुंतवणूकदार पहिल्या वर्षी म्हणेल की नेस्लेने ब्रिटानियाला कुठल्या कुठे मागे टाकलं, आणि दुसऱ्या वर्षी म्हणेल की नेस्ले कोसळली. दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरतील.

खरं चित्र काढायचं तर तिमाही निकालांकडे जावं लागतं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला दर तिमाहीचा निकाल तिमाही संपल्यापासून ४५ दिवसांत आणि वर्षाचा ६० दिवसांत जाहीर करावा लागतो. हे सेबीचं बंधन आहे, आणि सामान्य वाचकासाठी ते फार मोलाचं आहे. कंपनीचं वर्ष कुठेही सुरू होवो, तिमाह्यांचे तुकडे जोडून आपल्याला हवं ते वर्ष तयार करता येतं.

नेस्लेच्या बाबतीत हे दोन पायऱ्यांत होतं. जानेवारी ते मार्च २०२३ या तिमाहीची उलाढाल सुमारे ४,८३१ कोटी होती. पंधरा महिन्यांच्या २४,३९४ कोटींतून ती वजा केली की एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या बारा महिन्यांचे १९,५६३ कोटी उरतात. त्याच्या आधीचं वर्ष काढायला २०२२ चे १६,८९७ कोटी घ्यायचे, त्यातून जानेवारी ते मार्च २०२२ चे ३,९८१ कोटी काढायचे आणि त्या जागी मघाचे ४,८३१ कोटी घालायचे. उत्तर येतं १७,७४७ कोटी. आता नेस्लेची आणि ब्रिटानियाची वर्षं एकाच दिवशी सुरू होतात आणि एकाच दिवशी संपतात. २०२३-२४ मध्ये नेस्लेची वाढ दहा टक्के, ब्रिटानियाची तीन. २०२४-२५ मध्ये नेस्लेची तीन, ब्रिटानियाची सात. ४४ टक्क्यांची झेप नव्हती आणि १७ टक्क्यांची घसरण तर मुळीच नव्हती. एका वर्षी एक कंपनी पुढे होती, दुसऱ्या वर्षी दुसरी.

अनेक जण यावर सोपा उपाय करतात: पंधरा महिन्यांच्या आकड्याला पंधराने भागायचं आणि बाराने गुणायचं. नेस्लेत असं केलं तर १९,५१५ कोटी येतात, म्हणजे जवळपास बरोबर. पण ते जमतं कारण नूडल्स, कॉफी आणि दुधाच्या पदार्थांची विक्री वर्षभर बऱ्यापैकी सारखी असते. एअर कंडिशनर विकणाऱ्या कंपनीचा उन्हाळ्याचा भर जर जास्तीच्या तीन महिन्यांत पडला, तर हाच भागाकार साफ फसवतो. तिमाही आकडे हाताशी असताना भागाकाराच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न मुळात का उरला आहे? कंपनी कायदा, २०१३ ने आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच संपलं पाहिजे असं ठरवलं. त्याआधी कंपन्यांना आपलं वर्ष निवडायची बरीच मोकळीक होती. नव्या कायद्याने एक दार उघडं ठेवलं: परदेशी कंपनीशी जोडलेल्या आणि तिच्या एकत्रित हिशेबात सामील होणाऱ्या भारतीय कंपनीला परवानगी घेऊन वेगळं वर्ष ठेवता येतं. म्हणून एबीबी इंडियाचं वर्ष डिसेंबरअखेर संपतं. सीमेन्सचं सप्टेंबरअखेर संपायचं. प्राप्तिकरासाठी मात्र सगळ्यांना एप्रिल ते मार्च हाच हिशेब द्यावा लागतो.

वर्षं बारा महिन्यांचीच असली तरी त्यांच्या तारखा वेगळ्या असल्या की दुसरी अडचण उभी राहते, आणि ती पहिलीपेक्षा लपून बसते. २५ मार्च २०२० ला देशभर टाळेबंदी लागली आणि एप्रिल ते जून ही तिमाही कारखान्यांसाठी जवळजवळ बुडाली. २०२० च्या डिसेंबरात कोणी लार्सन अँड टुब्रो आणि सीमेन्स यांचे सर्वांत ताजे वार्षिक निकाल शेजारी ठेवले असते, तर त्याच्या हाती काय लागलं असतं? लार्सनचं वर्ष ३१ मार्च २०२० ला संपलं होतं, त्यात टाळेबंदीचा जेमतेम आठवडा होता. सीमेन्सचं वर्ष ३० सप्टेंबर २०२० ला संपलं होतं, त्यात ती अख्खी तिमाही होती. दोन्ही निकालांवर २०२० हेच साल. एकाला धक्का बसला आणि दुसऱ्याला बसला नाही असं त्यातून दिसलं असतं, पण ती करामत कंपनीच्या व्यवस्थापनाची नव्हती, कॅलेंडरची होती. एबीबीच्या डिसेंबर २०२० च्या वर्षात तीच तिमाही आणि तिच्यानंतर सावरायला पूर्ण सहा महिने होते. अशा वेळी ज्या महिन्यांत घटना घडली ते महिने कोणाच्या कोणत्या वर्षात पडतात हे आधी कागदावर मांडायचं आणि मगच तुलना करायची.

तिमाह्या जोडण्याचा उपायही सगळीकडे चालत नाही. पुण्यातल्या आयटी क्षेत्रातल्या वाचकांना टीसीएस, इन्फोसिस, कॉग्निझंट आणि अ‍ॅक्सेंचर यांची तुलना नेहमी करावीशी वाटते. पहिल्या दोघींचं वर्ष मार्चअखेर आणि कॉग्निझंटचं डिसेंबरअखेर संपतं. त्यामुळे टीसीएसची पहिली तिमाही म्हणजे कॉग्निझंटची दुसरी, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं. अ‍ॅक्सेंचरचं वर्ष ३१ ऑगस्टला संपतं. तिच्या तिमाह्या नोव्हेंबर, फेब्रुवारी, मे आणि ऑगस्टअखेर पडतात. त्या कशाही जोडल्या तरी टीसीएसच्या वर्षाशी एका महिन्याचा फरक उरतोच. तो मान्य करून, बारीक टक्केवारीवर भर न देता पुढे जावं लागतं.

आतापर्यंत बोललो ते विक्री-नफ्याबद्दल, म्हणजे काळाच्या लांबीबद्दल. ताळेबंदाची गोष्ट वेगळी आहे. तो एका दिवसाचा हिशेब असतो, आणि तो दिवस हंगामात कुठे पडतो यावर सगळं अवलंबून असतं. महाराष्ट्रात याचं साखर कारखान्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

समजा एका कारखान्याने नोव्हेंबर ते मार्च या हंगामात दहा लाख टन ऊस गाळला. ११ टक्के उताऱ्याने १ लाख १० हजार टन साखर झाली. शेतकऱ्याला एफआरपी १४ दिवसांत द्यायची असते, म्हणून पैसे हंगामातच बाहेर जातात. साखर मात्र सरकारने ठरवून दिलेल्या मासिक कोट्यानुसार वर्षभर थोडी थोडी विकली जाते. ती महिन्याला सुमारे ९,२०० टन धरू. ३१ मार्चला गोदामात ६४ हजार टन उरते. किलोला ३५ रुपये भाव धरला तर तो साठा होतो जवळपास २२४ कोटींचा, आणि त्यावर बँकेचं मालतारण कर्ज उभं असतं. त्याच कारखान्याचा ताळेबंद ३० सप्टेंबरला काढला तर गोदामात नऊ हजार टन असते, किंमत ३२ कोटी, आणि तारण कर्ज बहुतेक फिटलेलं. कारखाना तोच, वर्ष तेच. मार्चचा कागद पाहणाऱ्याला तो कर्जात बुडालेला वाटेल आणि सप्टेंबरचा पाहणाऱ्याला सुस्थितीतला.

नव्या कायद्याआधी अनेक खासगी साखर कंपन्या ३० सप्टेंबरलाच वर्ष बंद करायच्या, कारण साखरेचं हंगामी वर्ष १ ऑक्टोबरपासूनच मोजतात. म्हणून एखाद्या साखर कंपनीचं आजचं कर्ज तिच्या दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या कर्जाशी ताडून पाहताना ते आकडे कोणत्या तारखेचे आहेत हे बघितलंच पाहिजे. तिमाह्या जोडून इथे काही साधत नाही. पण नोंदणीकृत कंपनीला सहामाहीलाही मालमत्ता-देण्यांचं पत्रक द्यावं लागतं. मार्चवाल्या कंपनीचं सप्टेंबरचं सहामाही पत्रक सप्टेंबरवाल्या कंपनीच्या वार्षिक ताळेबंदाशेजारी ठेवलं की तुलना जागेवर येते.

हे सगळं शोधायला विशेष ज्ञान लागत नाही. नफा-तोटा पत्रकाच्या स्तंभावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत’ किंवा ‘या तारखेला संपलेलं वर्ष’ असं छापलेलं असतं. कंपनीने वर्षाची लांबी बदलली असेल तर हिशेबाच्या नियमांनुसार तिला त्याचं कारण द्यावं लागतं आणि आकडे पूर्णपणे तुलनायोग्य नाहीत असंही टिपांमध्ये सांगावं लागतं. अडचण होते ती आपण मूळ कागद न उघडता फोनवरचा तयार तक्ता पाहतो तेव्हा, कारण तिथे सगळ्या कंपन्यांच्या वर्षांना एकच साल चिकटवलेलं असतं. सीमेन्सनेही आता मार्चअखेरचं वर्ष स्वीकारायचं ठरवलं असून १ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेलं तिचं वर्ष ३१ मार्च २०२६ पर्यंत, म्हणजे अठरा महिन्यांचं धरलं आहे. त्या वर्षाची उलाढाल एबीबीशेजारी मांडण्याआधी दोन्ही कंपन्यांचे तिमाही निकाल काढा आणि महिने मोजा.