तारेला शून्य गुण कधीच का मिळत नाहीत?

स्थळ आलं, पत्रिका जुळवायला दिली आणि गुणमेलनाचा कागद हातात आला. छत्तीसपैकी एकूण गुण पाहून झाले की नजर आठ रकान्यांवरून फिरते. वर्ण, वश्य, मग तारा. तारेचे तीनपैकी दीड गुण. काही कागदांवर त्यापुढे एक शब्दही छापलेला असतो : ‘वध’. तो वाचून मुलीच्या आईचा चेहरा उतरतो. वास्तविक त्याच कागदावर शेजारीच ‘क्षेम’ असा शब्द असतो, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. हे दोन शब्द एकत्र का येतात, हे कळलं तर तारेचं सगळं गणित उलगडतं.

जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो ते आपलं जन्मनक्षत्र. अश्विनीपासून रेवतीपर्यंत नक्षत्रं 27. तारा पाहताना वधूच्या नक्षत्रापासून वराच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि येणाऱ्या संख्येला 9 ने भागायचं. जी बाकी उरेल ती तारा. बाकी शून्य आली तर ती नववी धरायची. नऊ तारांची नावं क्रमाने अशी : जन्म, संपत्, विपत्, क्षेम, प्रत्यरि, साधक, वध, मैत्र आणि अतिमैत्र. यांतल्या तिसरी, पाचवी आणि सातवी, म्हणजे विपत्, प्रत्यरि आणि वध या अशुभ मानतात. बाकीच्या सहा विवाहमेलनात चालतात. रोजच्या मुहूर्तासाठी जे ताराबळ पाहतात त्यातही हीच नऊ नावं येतात. फरक एवढाच, की तिथे आपल्या जन्मनक्षत्रापासून त्या दिवसाच्या नक्षत्रापर्यंत मोजतात.

लग्नाच्या बाबतीत एकदा मोजून भागत नाही. वधूकडून वराकडे मोजून झालं की वराकडून वधूकडेही मोजायचं. राम दैवज्ञाने 1600 साली काशीत रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त ही दुहेरी मोजणीच सांगितली आहे, आणि आपल्याकडच्या पंचांगांतली गुणमेलनाची कोष्टकं त्याच रीतीने चालतात. प्रत्येक बाजूला दीड गुण. दोन्ही बाजूंनी तारा शुभ आली तर पूर्ण तीन, एकाच बाजूने शुभ आली तर दीड.

आता एक जोडी घेऊ. वधूचं नक्षत्र रोहिणी, वराचं पुनर्वसू. मोजताना सुरुवातीचं नक्षत्रही धरायचं असतं. रोहिणी एक, मृग दोन, आर्द्रा तीन, पुनर्वसू चार. चार ही संख्या नवापेक्षा लहान, म्हणून तारा चौथी : क्षेम. शुभ. आता उलट बाजूने. पुनर्वसू एक, पुष्य दोन, असं करत रेवतीपर्यंत 21 होतात. पुढे अश्विनी 22, भरणी 23, कृत्तिका 24, रोहिणी 25. पंचवीसला नवाने भागलं की बाकी सात. तारा सातवी : वध. अशुभ. एक बाजू शुभ, एक अशुभ, म्हणून गुण दीड.

या मोजणीत नवखा माणूस हमखास एका ठिकाणी चुकतो. रोहिणी चौथं, पुनर्वसू सातवं, म्हणून सातातून चार वजा करून तीन असं तो लिहितो. क्षेमच्या जागी विपत् येते आणि शुभ तारा अशुभ ठरते. सुरुवातीचं नक्षत्र राहून गेलं, हे ओळखायची सोपी खूण आहे. वधू आणि वराचं नक्षत्र एकच असेल तर उत्तर एक यायला हवं. शून्य आलं तर मोजणी चुकली.

दुसरी पडताळणी याहून उपयोगी आहे. वरच्या जोडीत एकीकडून चार आले, दुसरीकडून पंचवीस. बेरीज 29. नक्षत्रं वेगळी असतील तर कुठलीही जोडी घ्या, बेरीज 29 च येणार. कारण जाताना आणि परतताना मिळून सत्तावीस नक्षत्रांची एक पूर्ण फेरी होते आणि दोघांची नक्षत्रं दोनदा मोजली जातात. 27 अधिक 2. या बेरजेचा परिणाम बाकीवर होतो. दोन्ही बाजूंच्या तारांच्या क्रमांकांची बेरीज 11 येते. फक्त जन्म तारा आली तर ती दोन्हीकडून येते, म्हणजे एक आणि एक. त्यामुळे जोड्या ठरलेल्याच आहेत : संपत् आणि अतिमैत्र, विपत् आणि मैत्र, क्षेम आणि वध, प्रत्यरि आणि साधक, आणि जन्मसोबत जन्म.

आता अशुभ तारा पाहा : तीन, पाच, सात. तिन्ही विषम. दोन विषम संख्यांची बेरीज सम येते, अकरा कधीच येत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी अशुभ तारा येणं या गणितात शक्यच नाही. अशुभ तारेच्या समोर नेहमी शुभच तारा असते. तारेचे गुण शून्य येत नाहीत ते यामुळे. येतात ते तीन किंवा दीड. कागदावर शून्य दिसलं तर दोष जोडप्यात शोधू नये, मोजणी पुन्हा करावी.

नवातल्या तीनच जागी, म्हणजे पहिली, दुसरी आणि नववी तारा असेल तेव्हा, पूर्ण तीन गुण मिळतात. उरलेल्या सहा ठिकाणी दीड. सर्व नक्षत्रजोड्यांचा विचार केला तर दोन तृतीयांश जोड्यांना दीडच गुण मिळणार. दीड गुण हा अपवाद नव्हे, तोच सर्वसाधारण निकाल आहे.

जन्मवेळेची चूक इथे कितपत भोवते, तेही यावरून कळतं. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. जन्म दोन नक्षत्रांच्या सांध्यावर झाला असेल तर काही मिनिटांच्या फरकानेही नक्षत्र बदलतं. वधू रोहिणीची आणि वर मृगाचा असेल तर संपत् आणि अतिमैत्र, गुण तीन. तोच वर आर्द्रेचा निघाला तर विपत् आणि मैत्र, गुण दीड. पण पुनर्वसूचा वर पुष्याचा निघाला तर क्षेम-वधच्या जागी प्रत्यरि-साधक येईल, गुण मात्र दीडच राहतील. नावं बदलली म्हणून निकाल बदलतोच असं नाही.

दक्षिणेत तमिळ पद्धतीत हीच मोजणी ‘दिन पोरुत्तम’ म्हणून होते. तिथे फक्त मुलीच्या नक्षत्रापासून मुलाच्या नक्षत्रापर्यंत मोजतात. समोरच्या बाजूचं शुभ उत्तर हिशेबातच येत नाही, म्हणून तिथे ही कसोटी सरळ नापासही होऊ शकते. रोहिणीची मुलगी आणि आर्द्रेचा मुलगा ही जोडी आपल्याकडे दीड गुण घेते, तर तिथे विपत् येते आणि दिन जुळत नाही. माणसं तीच, नक्षत्रं तीच, रीत बदलली की निकाल बदलतो. दोघांचा स्वभाव, तब्येत किंवा संसार यांपैकी कशाचीच नोंद या मोजणीत कुठल्याही टप्प्यावर होत नाही. वधू-वराची नक्षत्रं बदलली नाहीत तोवर उत्तर ठरलेलंच आहे.

आपल्याकडे छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की स्थळ पुढे न्यायला हरकत नाही, असं मानतात. त्या अठरातले दीड गुण तारा प्रत्येक जोडप्याला देतेच. जोड्यांमध्ये फरक पडतो तो उरलेल्या दीड गुणांपुरता. म्हणून ‘वध तारा आहे’ असं सांगून कुणी स्थळ नाकारत असेल, तर दुसऱ्या बाजूने कोणती तारा येते हे विचारावं. वध असेल तिथे दुसरीकडून क्षेमच येणार, हे विचारण्याआधीच आपल्याला ठाऊक असेल.