पाच टक्के, पण कशाचे?

ऑफिसातली कचऱ्याची टोपली दहा वर्षं टिकते. नियमावर बोट ठेवलं तर ती मालमत्ता. दरवर्षी तिचा घसारा काढायला हवा. पण कुठलाही अकाउंटंट तिची किंमत त्याच वर्षीच्या खर्चात टाकून मोकळा होतो. टोपलीचा हिशेब चोख ठेवण्याचा खर्च टोपलीपेक्षा जास्त, आणि त्यामुळे कोणाचाही निर्णय बदलणार नाही. निर्णय बदलेल का, हीच ‘मटेरिअ‍ॅलिटी’ची कसोटी.

ऑडिटर त्यासाठी तपासणीच्या सुरुवातीलाच एक आकडा ठरवतो. समजा, कंपनीचा करपूर्व नफा २० कोटी आहे. त्याचे ५ टक्के, म्हणजे १ कोटी, ही ढोबळ मर्यादा. लहान चुका साठून तिच्यापलीकडे जाऊ नयेत म्हणून प्रत्यक्ष तपासणी ७५ लाखांच्या हिशेबाने होते आणि ५ लाखांच्या आतल्या चुका बहुधा टिपूनही ठेवल्या जात नाहीत. हे टक्के कायद्यात लिहिलेले नाहीत. ते वहिवाटीने आलेत.

खरी गोम छेदात आहे. अमेरिकेतल्या एन्रॉनने १९९७ मध्ये १०.५ कोटी डॉलर नफा दाखवला. आर्थर अँडरसन या फर्मच्या ऑडिटरांनी ५.१ कोटींच्या दुरुस्त्या सुचवल्या होत्या. कंपनीने त्या केल्या नाहीत आणि ऑडिटरांनी त्या किरकोळ मानून हिशेबावर सही केली. निम्मा नफा किरकोळ कसा? कारण त्यांनी त्या वर्षीचा पडलेला नफा न धरता, एरवीच्या वर्षांवरून काढलेला ‘सर्वसाधारण’ नफा धरला. आदल्या वर्षीचा नफा ५८.४ कोटी होता; त्याच्याशी ताडला तर तोच फरक ९ टक्क्यांच्याही आत येतो. नफा अचानक घसरलेल्या वर्षी सरासरी धरणं एरवी गैर नाही. पण इथे त्या सरासरीने नको ते झाकलं. नोव्हेंबर २००१ मध्ये एन्रॉनला जुने हिशेब दुरुस्त करावे लागले आणि डिसेंबरात तिने दिवाळखोरीचा अर्ज केला.

नुसत्या टक्क्यांवर विसंबू नका, असं अमेरिकी शेअर बाजार नियामकाने त्याआधीच, १९९९ मध्ये बजावलं होतं. छोटी चूक तोट्याचा नफा करत असेल, बँकेच्या कर्जाची अट पाळल्याचं भासवत असेल किंवा साहेबांचा बोनस वाढवत असेल, तर ती छोटी राहत नाही. २० लाख नफा दाखवणाऱ्या कंपनीने ३० लाखांचं एक बिल दाबून ठेवलं, तर उलाढाल शंभर कोटी असली तरी ते बिल महत्त्वाचंच.

म्हणून वार्षिक अहवाल हातात आला की नफ्यातून एकरकमी, अपवादात्मक रकमा वजा करून पाहाव्यात आणि संचालकांच्या नातलगांशी झालेल्या व्यवहारांची टीप, रक्कम लहान असली तरी, वाचावी. ऑडिटरने कोणती मर्यादा धरली, हे ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदणीकृत कंपन्यांच्या ऑडिट अहवालात २०१३ पासून छापावं लागतं. भारतात तसं बंधन नाही.