एकच शॉर्टफिल्म, आणि तिच्याबद्दल काय लिहावं

असिस्टंट अ‍ॅनिमेटरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्यांपाशी दाखवायला बहुधा एकच पूर्ण झालेली शॉर्टफिल्म असते. सुरुवातीला तेवढी पुरते. पण सोबतच्या पत्रात ‘मी मेहनती आहे, स्टुडिओची पाइपलाइन शिकायला उत्सुक आहे’ एवढंच लिहिलं, तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

पाइपलाइन म्हणजे स्टोरीबोर्ड, लेआउट, अ‍ॅनिमेशन, क्लीनअप, रंग, कंपोझिटिंग अशा क्रमाने शॉट एकाकडून दुसऱ्याकडे सोपवत नेण्याची ठरलेली वाट. हाताने काढलेल्या टूडी कामात मुख्य अ‍ॅनिमेटर हालचालीतली महत्त्वाची चित्रं, म्हणजे ‘कीज’, काढतो. मधली चित्रं भरणं आणि कच्च्या रेषा साफ करणं असिस्टंटकडे येतं. मधलं चित्र कोणत्या कीच्या किती जवळ हवं, हे कीच्या कडेला काढलेला टायमिंग चार्ट सांगतो. थोडक्यात, दुसऱ्याच्या पात्रात आपला हात दिसू द्यायचा नाही. एकट्याने फिल्म करणाऱ्याची सवय नेमकी उलट असते, आणि पत्र वाचताना स्टुडिओला हीच शंका असते.

समजा, एका मुलीने 90 सेकंदांची फिल्म केली आहे: आजी आणि तिचं मांजर. सेकंदाला 24 फ्रेम्स आणि एक चित्र दोन फ्रेम्सना, या हिशेबाने साधारण 1080 चित्रं होतात. तिने आधी शॉट काढले आणि मॉडेल शीट नंतर केली. त्यामुळे तिसऱ्या शॉटमधली आजी चौदाव्यात बारीक दिसू लागली. ती पत्रात असं लिहू शकते:

‘फिल्ममधलं सगळं अ‍ॅनिमेशन आणि क्लीनअप माझं आहे, संगीत मित्राचं आहे. मॉडेल शीट उशिरा केल्यामुळे आजीचा आकार शॉटगणिक बदलत गेला आणि पाच शॉट पुन्हा काढावे लागले. दुसऱ्याच्या कीवर काम करताना मॉडेल कसं सांभाळतात आणि शॉट पुढच्या विभागाकडे सोपवण्याआधी काय तपासतात, हे मला तुमच्याकडे शिकायचं आहे.’

मला हा परिच्छेद पानभर विशेषणांपेक्षा मोलाचा वाटतो. काम कुणाचं, बिघडलं काय आणि पाइपलाइनमधलं नेमकं काय शिकायचं, हे तीन वाक्यांत कळतं. अमुक सॉफ्टवेअर ‘उत्तम येतं’ असा दावा मात्र जपून करावा. अनेक ठिकाणी दोन कीज आणि चार्ट देऊन मधली चित्रं काढायला सांगतात, आणि रेषेची जाडी किंवा चेहऱ्याचा आकार हलला की लगेच दिसतं.

पत्र एका पानात संपवावं. फिल्मची लिंक पहिल्याच परिच्छेदात द्यावी. पासवर्ड असेल तर तिच्या शेजारीच लिहावा, आणि पाठवण्याआधी ती दुसऱ्याच्या फोनवर उघडते का ते पाहावं.