हिमबांध (छप्पर)

हिमबांध म्हणजे उतरत्या छपराच्या वळचणीवर साचून घट्ट झालेला बर्फाचा बांध. छपराच्या वरच्या भागात वितळलेले पाणी या बांधामागे अडते आणि कौलांखालून घरात झिरपते. उत्तर अमेरिका, उत्तर युरोप यांसारख्या हिमवृष्टीच्या प्रदेशांत ही अडचण नेहमीची आहे. २०१४-१५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील बोस्टन शहरात एकूण ११०.६ इंच (सुमारे २८१ सेंमी) हिम पडले, आणि त्या परिसरातील असंख्य घरांत हिमबांधामुळे छत गळले. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा शब्द नवा राहिलेला नाही.

## कारण

हिमबांध थंडीमुळे होतो, अशी समजूत आहे. परंतु त्याचे मूळ घरातील उष्णतेत आहे. संपूर्ण छप्पर सारखेच थंड असेल, तर त्यावरील हिम वितळत नाही आणि बांधही बनत नाही. तापवलेल्या खोल्यांतील ऊब पोटमाळ्यात शिरली, की छपराची पाखी आतून तापते. वळचण मात्र भिंतीच्या बाहेर असल्याने तिच्या वर आणि खाली बाहेरचीच गार हवा असते. वर वितळलेले पाणी तिथवर येते आणि गोठते.

यात हिमाचा थर स्वतः गोधडीचे काम करतो. समजा, बाहेर उणे १० अंश सेल्सियस आणि पोटमाळ्यात ४ अंश तापमान आहे. छपराच्या फळ्यांचा उष्णतारोध एक भाग धरला आणि वरच्या जाड हिमाचा सहा भाग, तर १४ अंशांच्या फरकापैकी केवळ २ अंश फळ्यांत खर्च होतात. म्हणजे फळी व हिम यांच्या सीमेवर तापमान शून्याच्या वर जाऊ पाहते, आणि हिम तळापासून वितळू लागते. पोटमाळा उणे ३ अंशांवर ठेवला, तर त्याच ठिकाणी उणे ४ अंश राहतात व वितळणे थांबते. छप्पर आजवर कधी गळले नाही, तरी भरपूर हिम पडलेल्या वर्षी अचानक गळू लागते, ते यामुळेच.

कौले किंवा डांबरी पट्ट्या एकमेकींवर चढवून बसवलेल्या असतात. वाहून जाणारे पाणी त्या अडवतात. साचलेल्या पाण्याला मात्र अडवू शकत नाहीत. आपल्याकडील पन्हळ पालापाचोळ्याने तुंबली, की पाणी उलटे कौलांखाली चढते, तसेच हे.

## प्रतिबंध

उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम खोल्यांमधून पोटमाळ्यात जाणाऱ्या हवेच्या फटी बुजवाव्या लागतात: दिव्यांची भोके, नळ व धुराड्याभोवतीच्या जागा, माळ्यावर चढण्याची झडप. स्नानगृहाच्या पंख्याची नळी पोटमाळ्यातच सोडलेली असेल, तर ती छपराबाहेर न्यावी.

त्यानंतर पोटमाळ्याच्या जमिनीवर उष्णतारोधक थर घालतात. रद्दी कागदापासून केलेला सेल्युलोज वापरल्यास थंड प्रदेशात सुमारे ३५ सेंमी जाडी लागते. हा थर भिंतीच्या माथ्यापर्यंत पोचला पाहिजे, पण वळचणीकडून येणारी हवा त्याने कोंडता कामा नये. म्हणून वाशांमध्ये, छपराच्या फळ्यांखाली, किमान २५ मिमीची वाट राखणारे पत्रे आधी ठोकतात.

वायुवीजन शेवटी येते. वळचणीखालून गार हवा आत येते आणि आढ्याजवळून बाहेर जाते. वर-खाली समतोल छिद्रे असल्यास पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या ३०० व्या भागाइतकी मोकळी जागा पुरेशी धरतात. १२० चौ. मी. माळ्यासाठी ती ०.४ चौ. मी., म्हणजे वळचणीशी २,००० आणि आढ्याशी २,००० चौ. सेंमी. जाळीने व्यापलेली जागा यातून वजा होते. अमेरिकी लष्कराच्या शीतप्रदेश संशोधन प्रयोगशाळेने न्यूयॉर्क राज्यातील फोर्ट ड्रम तळावरील इमारतींचा अभ्यास केला. बाहेर सुमारे उणे ५.५ अंश असताना पोटमाळा उणे १ अंशाच्या खाली राहील इतके वायुवीजन असावे, असा निकष त्यातून पुढे आला.

फटी न बुजवता केवळ छिद्रे वाढवणे घातक ठरू शकते. आढ्याकडील ओढ घरातील उबदार हवाच वर खेचते.

## लक्षणे व मर्यादा

वळचणीला बर्फाच्या सुळ्या लोंबणे हा पुरावा पुरेसा नाही. उन्हानेही त्या बनतात. शेजारच्या छपरांवर हिम टिकून असताना आपल्या पाखीचा वरचा भाग उघडा पडला, किंवा बाहेरील भिंतीलगत छतावर पिवळसर डाग उमटला, तर संशय घ्यावा. पोटमाळ्यात टांगलेला साधा तापमापक सर्वांत खात्रीचा.

उष्ण हवेची यंत्रणा व तिच्या नळ्याच पोटमाळ्यात असतील, तर जमिनीवरील थराचा फारसा उपयोग होत नाही. जेथे पोटमाळाच नाही, तेथे वाशांतील अरुंद वाटेवर भिस्त असते. म्हणूनच नवीन छप्पर घालताना वळचणीपासून बाहेरील भिंतीच्या आत किमान ६० सेंमीपर्यंत कौलांखाली चिकट जलरोधक पडदा अंथरतात. तो बांध रोखत नाही, फक्त अडलेले पाणी घरात येऊ देत नाही. तयार झालेला बांध कुऱ्हाडीने फोडल्यास कौले फुटतात; जमिनीवर उभे राहून लांब दांड्याच्या फावड्याने वळचणीवरचे ताजे हिम ओढणे त्या मानाने सुरक्षित आहे.