पाजताना दुखतंय? आधी बाळाची पकड पाहा

पहिलटकरणीला बाळंतपणानंतर दोनतीन दिवसांतच ऐकू येणारं एक वाक्य म्हणजे, ‘दुखणारच, सवय होईल.’ पहिल्या आठवड्यात बाळ छातीला लागतं तेव्हा सुरुवातीचे काही क्षण ओढल्यासारखं वाटू शकतं. पण अर्ध्या मिनिटानंतरही कळ येत असेल, निपलला चिरा पडत असतील, तर ती सवयीची गोष्ट नव्हे. बहुतेक वेळा बाळाची पकड चुकलेली असते आणि ती सुधारता येते.

बाळाने नुसतं निपल तोंडात घेतलं, तर ते त्याच्या हिरड्या आणि टाळूचा पुढचा कडक भाग यांच्यामध्ये चेपतं. आईला वेदना होतात आणि दूधही नीट निघत नाही. निपलभोवतीचा काळसर भाग बराचसा तोंडात गेला, की निपल मागच्या मऊ टाळूपर्यंत पोचतं. तिथे ते चेपलं जात नाही आणि बाळाच्या जिभेचा दाब खालच्या काळसर भागावर पडून दूध वाहतं.

ही पकड मिळवायची तर आधी बाळाला नीट धरायला हवं. डाव्या बाजूला पाजताना बाळाला उजव्या हातावर आडवं घ्या. त्याचं पोट तुमच्या पोटाला टेकलेलं आणि कान, खांदा, कंबर एका रेषेत हवी. मान वळवून पिताना आपल्यालासुद्धा घोट गिळता येत नाही, मग बाळाला कसा येईल? उजव्या हाताचा अंगठा त्याच्या एका कानामागे, बोटं दुसऱ्या कानामागे आणि तळवा खांद्यांमागे ठेवा. डोक्यामागून दाबू नका. दाबलं की बाळ मागे ताठतं. डाव्या हाताने छातीला आधार द्या. अंगठा बाळाच्या नाकाच्या बाजूला आणि बोटं हनुवटीच्या बाजूला, पण काळसर भागापासून लांब.

आता निपल बाळाच्या नाकासमोर आणा आणि त्याच्या वरच्या ओठावर हळूच फिरवा. बाळ डोकं किंचित मागे टाकून आ करेल. थोडं तोंड उघडताच घाई करू नका. जांभई देताना उघडतं तेवढं तोंड उघडू द्या. मग बाळाला चटकन छातीजवळ आणा. आधी हनुवटी टेकली पाहिजे. आपण वाकून छाती त्याच्या तोंडात द्यायला गेलो, तर पाठही दुखते आणि पकडही उथळ होते.

पकड बरोबर असेल तर हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं आणि खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो. काळसर भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसतो, खालच्या ओठाकडे कमी. गाल भरलेले असतात. दूध उतरल्यावर बाळ सावकाश, खोल चोखतं आणि मध्ये गिळल्याचा हलका आवाज येतो. गालांना खळ्या पडत असतील, ‘टक् टक्’ आवाज येत असेल किंवा सोडल्यावर निपल लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसत असेल, तर पकड उथळ आहे. अशा वेळी बाळाला ओढून काढू नका. स्वच्छ करंगळी त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हिरड्यांमध्ये घाला, पकड सुटेल. मग पुन्हा लावा.

सिझेरियन झालेल्या आईचा चौथा दिवस घ्या. आतापर्यंत चीक येत होता, आज छाती दाटून कडक झाली आहे. बाळ तोंड लावतं, घसरतं आणि रडतं. घरातले म्हणतात, बाळाला भूक लागली, वरचं दूध द्या. पण दूध भरपूर आहे. काळसर भाग ताणून सपाट झाल्यामुळे तो बाळाच्या तोंडात मावत नाही. हाताने थोडं दूध काढलं, की तो भाग मऊ पडतो. मग टाक्यांवर भार येऊ नये म्हणून बाळाला बगलेखाली घ्या: पाय तुमच्या पाठीकडे, अंग उशीवर, मान तुमच्या हातात. तोंड मोठं उघडलं की जवळ आणा. आता बाळ न घसरता गिळू लागेल.

दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतात. पहिल्या दिवशी निदान एकदा शू, दुसऱ्या दिवशी दोनदा, तिसऱ्या दिवशी तीनदा आणि पाचव्या दिवसापासून सहा किंवा जास्त वेळा. काळी शी पाचव्या दिवसापर्यंत पिवळी व्हायला हवी. दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजावं लागतं. वजन सुरुवातीला थोडं उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं.

शू कमी होत असेल, बाळ पिण्यासाठी उठतच नसेल, कावीळ वाढत असेल किंवा आईला ताप येऊन छातीचा एखादा भाग लाल, गरम होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एरवी दवाखान्यातून घरी जाण्याआधी एक पाजणं पूर्ण होईपर्यंत नर्सला शेजारी थांबायला सांगा. घरी आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी भेटीला येतात. त्यांच्यासमोरही एकदा पाजा. पकड नुसती सांगून कळत नाही, बघणाऱ्याला ती लगेच दिसते.